लासिक्सची गोळी, मुलुंडच्या मावशी आणि हरवलेलं पोटॅशियम

गणपती होऊन दोनेक आठवडे झाले असतील. मुलुंड पूर्वेच्या एक मावशी, वय ७१, लेकीचा हात धरून दवाखान्यात आल्या. पाय गळून गेलेले, पोटऱ्यांत रात्री गोळे येतात, मळमळतं, आणि छातीत "मधेच एक ठोका चुकल्यासारखं" होतं, अशा तक्रारी. हृदयाचं पंपिंग कमी असल्यामुळे त्या चार वर्षांपासून सकाळी ४० मिलिग्रॅमची लासिक्स आणि आठवड्यातून पाच दिवस डिगॉक्सिनची अर्धी गोळी घेत होत्या. सणात पापड, लोणचं, फरसाण झालं, पावलांवर सूज आली, म्हणून लेकीने लासिक्स सकाळी एक आणि दुपारी एक अशी सुरू केली. सूज उतरली, म्हणून तेच चालू ठेवलं. बारा दिवस.

रक्तात पोटॅशियम निघालं २.७. ते ३.५ ते ५ च्या दरम्यान असायला हवं.

मावशींचे मिस्टर हेक्स्टमधून निवृत्त झालेले. मुलुंडच्या जुन्या लोकांना लाल बहादुर शास्त्री मार्गावरची ही जर्मन कंपनी आठवत असेल. काका मला म्हणाले, "डॉक्टर, ही आमच्याच कंपनीची गोळी. तिने कसा काय घात केला?" त्या दिवशी दवाखान्यात गर्दी होती, मी दोन वाक्यांत उत्तर दिलं. खरं उत्तर मोठं आहे आणि त्याला शंभर वर्षांचा इतिहास आहे. आज तोच सांगतो, कारण तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरात ही गोळी आहे. (फ्रुसेमाइड, फ्युरोसेमाइड, लासिक्स ही सगळी एकाच औषधाची नावं. टॉर्सेमाइड हे तिचंच भावंड.)

अंगातलं साठलेलं पाणी काढायचं कसं, हा वैद्यांपुढचा फार जुना प्रश्न. पहिलं जोरकस औषध सापडलं ते चुकून. १९१९ साली व्हिएन्नातल्या एका इस्पितळात आल्फ्रेड फोग्ल नावाचा वैद्यकाचा विद्यार्थी गरमीच्या, म्हणजे सिफिलिसच्या, एका मुलीला पाऱ्याचं नवं इंजेक्शन देत होता. वॉर्डातल्या नर्सेस काटेकोर होत्या, त्या रोजच्या लघवीचं माप तक्त्यावर लिहून ठेवत. इंजेक्शनच्या दिवशी लघवी कित्येक पटींनी वाढलेली फोग्लला त्या तक्त्यावर दिसली. त्यानंतर सुमारे पस्तीस वर्षं हृदयविकाराच्या रुग्णांची सूज पाऱ्याच्या इंजेक्शनांनी उतरवली गेली. पारा विषारी, इंजेक्शन दुखरं, पण दुसरं काही नव्हतं. मला या गोष्टीत फोग्लपेक्षा त्या नर्सेसचं कौतुक जास्त वाटतं.

पुढचा धागा सल्फाच्या गोळ्यांपासून सुरू होतो. जंतुसंसर्गासाठी सल्फा घेणाऱ्यांना लघवी जास्त होते, हे डॉक्टरांच्या लक्षात आलं होतं. १९४९ मध्ये अमेरिकेत विल्यम श्वार्ट्झ यांनी हृदयविकाराच्या रुग्णांना सल्फा देऊन सूज उतरते हे दाखवलं. डोस इतका मोठा लागे की ते रोजचं औषध होऊ शकलं नाही. पण सल्फाच्या रेणूत थोडे फेरफार करून मर्क कंपनीतल्या कार्ल बायर यांच्या गटाने क्लोरोथायाझाइड काढलं. १९५८ साली ते बाजारात आलं आणि पाण्याची गोळी पहिल्यांदाच खऱ्या अर्थाने गोळी झाली.

तिची ताकद मात्र मर्यादित होती. ज्यांच्या फुप्फुसात पाणी भरलंय त्यांना ती पुरेना. त्याच सुमारास फ्रँकफर्टच्या हेक्स्ट भागात, म्हणजे काकांच्या कंपनीच्या मूळ घरी, कार्ल स्टुर्म, वॉल्टर झीडेल आणि रूडी वायर हे रसायनशास्त्रज्ञ सल्फाच्याच घराण्यातले नवे रेणू बनवत होते. त्यांतल्या एकाचं अमेरिकी पेटंट १९६२ मध्ये मिळालं. तेच फ्युरोसेमाइड. १९६४ पासून ते लासिक्स या नावाने विकलं जाऊ लागलं. 'लास्ट्स सिक्स', सहा तास टिकतं, म्हणून लासिक्स, असं सांगतात. हे सहा तास लक्षात ठेवा, मावशींच्या गोष्टीत त्यांचं काम आहे.

औषध आलं, पण ते किडनीत नेमकं कुठे काम करतं हे कोणालाच ठाऊक नव्हतं. ते कळायला वीस वर्षं लागली.

किडनीचं गणित आधी बघू. दिवसभरात आपल्या दोन्ही किडन्या मिळून सुमारे १८० लिटर पाणी रक्तातून गाळतात. त्यात विरघळलेलं मीठ तोलून पाहिलं तर जवळजवळ दीड किलो भरेल. आपण एवढं पाणी पीत नाही आणि एवढं मीठ खात नाही, म्हणजे गाळलेलं बहुतेक सगळं परत रक्तात घ्यावं लागतं. हे काम लाखो सूक्ष्म नळ्या करतात. नळीच्या पहिल्या भागात दोन-तृतीयांश मीठ परत घेतलं जातं. मग नळी किडनीच्या आत खोल उतरते, यू-टर्न घेते आणि वर येते. याकोब हेनले या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने १८६२ मध्ये या वळणाचं वर्णन केलं, म्हणून तो हेनलेचा लूप. वर येणाऱ्या जाड भागात आणखी पाव हिस्सा मीठ, म्हणजे रोजचं साडेतीनशे ग्रॅमच्या वर, परत घेतलं जातं. पुढच्या टप्प्यांत उरलंसुरलं वेचलं जातं. तुमच्या लघवीत जातं ते या सगळ्यातून सुटलेलं मीठ, दीड किलोतले जेमतेम काही ग्रॅम.

१९६५ मध्ये टेक्ससच्या डलासमध्ये सुकी, रेक्टर आणि सेल्डिन यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले. फ्युरोसेमाइड दिल्यावर किडनीला लघवी घट्टही करता येईना आणि पातळही करता येईना. या दोन्ही कामांना लागणारी जागा एकच, लूपचा वर चढणारा भाग. म्हणजे औषध तिथेच बसत असणार. तर्क पक्का होता, पण प्रत्यक्ष पाहिलं नव्हतं.

प्रत्यक्ष पाहिलं मॉरिस बर्ग यांनी. बेथेस्डाच्या सरकारी संशोधन संस्थेत त्यांनी सशाच्या किडनीतून केसाहून बारीक नळीचा तुकडा सोडवून, काचेच्या पिपेटांवर बसवून, त्यातून द्रव वाहता ठेवण्याची पद्धत शोधून काढली होती. त्यामुळे नळीच्या आतून काय घालायचं आणि बाहेरून काय, हे वेगवेगळं ठरवता येत होतं. १९७३ मध्ये त्यांनी दाखवलं की लूपच्या जाड भागात फ्युरोसेमाइड आतून, म्हणजे लघवीच्या बाजूने, घातलं की मिठाची वाहतूक थांबते. बाहेरून, रक्ताच्या बाजूने, तेवढंच घातलं तर ती जवळजवळ तशीच चालू राहते.

ही बारीकशी गोष्ट फार कामाची आहे. गोळी रक्तात असून भागत नाही, ती नळीत उतरली पाहिजे. रक्तात ती प्रथिनांना इतकी घट्ट चिकटलेली असते की गाळण्यातून जवळजवळ येतच नाही. नळीच्या पहिल्या भागातल्या पेशी तिला ओढून आत सोडतात. किडनी कमजोर असेल तर हे काम मंदावतं, म्हणून अशा रुग्णांना मोठा डोस लागतो. शेजारच्या काकांना ४० पुरते आणि तुम्हाला १२० का, याचं उत्तर बहुधा इथेच असतं.

आत उतरल्यावर ती करते काय? याचं उत्तर फ्रँकफर्टमध्येच मिळालं. माक्स प्लांक संस्थेत रायनर ग्रेगर आणि त्यांचे सहकारी १९८० नंतर त्याच जाड भागावर काम करत होते. त्यांना दिसलं की पेशीच्या दारात एक वाहक आहे, जो एका फेरीत चार कण एकत्र आत नेतो. एक सोडियम, एक पोटॅशियम आणि दोन क्लोराईड. ही आपली शेअर टॅक्सी समजा. चारही सीट भरल्याशिवाय ती हलत नाही, आणि कोणत्या सीटवर कोण बसणार हेही ठरलेलं. फ्युरोसेमाइड क्लोराईडच्या सीटवर जाऊन बसतं. मग सोडियम आणि पोटॅशियम कितीही ताटकळले तरी गाडी सुटत नाही. पाव हिस्सा मिठाचा मार्गच बंद होतो, मीठ नळीत राहतं, त्याच्यामागे पाणी राहतं, आणि तासाभरात तुम्हाला बाथरूम गाठावं लागतं.

आता तुम्ही म्हणाल, त्या टॅक्सीत पोटॅशियमचीही सीट आहे, ती बंद झाली म्हणून पोटॅशियम वाया जातं, एवढंच ना? बरेच विद्यार्थीही तोंडी परीक्षेत हेच उत्तर देतात. ते अर्धवट आहे. या टॅक्सीने पेशीत गेलेलं पोटॅशियम बहुतांशी दुसऱ्या दाराने पुन्हा नळीतच परत येतं, कारण पुढच्या फेरीलाही चौथा प्रवासी लागतोच. त्यामुळे टॅक्सी बंद पडल्याने पोटॅशियमचं नुकसान होतं, पण थोडं. मोठी चोरी पुढे होते.

हे कसं कळलं, तर गेर्हार्ड गीबिश आणि मालनिक यांनी १९६० च्या दशकात उंदरांच्या नळ्यांतून सुईने थेंब थेंब द्रव काढून मोजला. गाळलेल्या पोटॅशियमपैकी नव्वद टक्क्यांच्या आसपास नळीच्या शेवटच्या टप्प्याला पोचण्याआधीच परत रक्तात गेलेलं असतं. लघवीत जे पोटॅशियम सापडतं ते मुख्यतः त्या शेवटच्या टप्प्यात रक्ताकडून नव्याने आत सोडलेलं असतं.

तिथला व्यवहार असा. शेवटच्या टप्प्यातल्या पेशी उरलंसुरलं सोडियम उचलतात. सोडियमवर धन विद्युतभार असतो, तो आत गेला की नळीची पोकळी किंचित ऋण होते, आणि ही ऋण बाजू पेशीतलं पोटॅशियम बाहेर ओढते. किती सोडियम तिथे पोचतं यावर किती पोटॅशियम जाणार हे ठरतं. एरवी तिथे थोडंच सोडियम पोचतं. लासिक्सने वरची टॅक्सी बंद केली की सगळी गर्दी खाली येते. पेशी तत्परतेने सोडियम उचलतात आणि पोटॅशियम निघत राहतं. त्यात वाहतं पाणी बाहेर पडलेलं पोटॅशियम लगेच धुऊन नेतं, म्हणून आणखी बाहेर पडतं. वर शरीराला वाटतं पाणी कमी झालं, म्हणून अल्डोस्टेरॉन नावाचं हार्मोन वाढतं. त्याचा हुकूम एकच, सोडियम वाचवा. तो याच शेवटच्या पेशींना दिला जातो, आणि त्याची किंमत पुन्हा पोटॅशियमने मोजावी लागते.

निसर्गाने याचा एक प्रयोग आधीच करून ठेवला होता. १९६२ मध्ये, म्हणजे फ्युरोसेमाइडचं पेटंट निघालं त्याच वर्षी, फ्रेडरिक बार्टर यांनी दोन रुग्णांचं वर्णन केलं. रक्तात पोटॅशियम कमी, रक्त क्षारयुक्त, अल्डोस्टेरॉन भरपूर, तरी ब्लड प्रेशर साधं. कारण तेव्हा समजलं नाही. १९९६ मध्ये रिचर्ड लिफ्टन यांच्या गटाला दिसलं की अशा काही कुटुंबांत त्या टॅक्सीचाच जीन बिघडलेला असतो. ही मुलं जणू जन्मापासून लासिक्सवर असतात.

मावशींकडे परत येतो. रिपोर्टमध्ये बायकार्बोनेट ३४ होतं, म्हणजे बार्टरच्या रुग्णांसारखंच रक्त क्षारयुक्त झालेलं. क्रिएटिनिन १.१, ठीक. ई.सी.जी.त टी लाटेमागे एक जास्तीची यू लाट आणि मधेमधे अवेळी ठोके. पोटॅशियम कमी असलं की डिगॉक्सिन हृदयाच्या पेशींना जास्त घट्ट धरतं, कारण दोघांची जागा एकाच पंपावर असते. म्हणजे डिगॉक्सिनचा डोस वाढवला नसतानाही त्याचं विष चढू शकतं. मळमळ त्याचीच असावी. डिगॉक्सिन बंद केलं, दुपारची लासिक्स बंद केली, भरती केलं आणि मॉनिटर लावला.

लेकीने विचारलं, "डॉक्टर, शहाळ्याचं पाणी दिलं तर नाही का भरून निघणार?" चांगला प्रश्न आहे. हिशेब करू. शरीरात एकूण पोटॅशियम साधारण ३५०० एकक, त्यातलं दोन टक्केच पेशींबाहेर असतं. रक्तातला आकडा ४ वरून ३ वर येतो तेव्हा शरीराने साधारण २०० ते ४०० एकक गमावलेले असतात. एका शहाळ्यात दहा-पंधरा एकक. शिवाय फळांतलं पोटॅशियम बहुतांशी सायट्रेट वगैरेंबरोबर येतं, आणि मावशींनी पोटॅशियमबरोबर क्लोराईडही गमावलं होतं. क्लोराईड मिळाल्याशिवाय क्षारयुक्त रक्त नीट होत नाही आणि पोटॅशियम टिकत नाही. म्हणून पोटॅशियम क्लोराईडचं सिरप, दर वेळी २० एकक, पाण्यात पातळ करून, दिवसातून तीनदा दिलं.

दोन दिवसांनी आकडा २.९. फक्त. इथे माझी चूक झाली होती. पहिल्याच दिवशी मॅग्नेशियम तपासायला हवं होतं, ते मी तिसऱ्या दिवशी तपासलं. निघालं १.३, कमी. लूपमधली ती टॅक्सी चालू असताना नळीत एक हलका धन भार तयार होतो, जो मॅग्नेशियम आणि कॅल्शियमला रक्ताकडे ढकलतो. टॅक्सी बंद, तर तो भारही बंद, आणि मॅग्नेशियमही लघवीत. मॅग्नेशियमचं आणखी एक काम असतं. शेवटच्या टप्प्यातल्या पोटॅशियमच्या दारांना ते आतून बूच लावून ठेवतं. बूचच नसेल तर वरून कितीही पोटॅशियम ओता, खालून जात राहतं. शिरेतून मॅग्नेशियम दिलं आणि तेच सिरप, त्याच मापाने, लागू पडलं. पाचव्या दिवशी ३.८. यू लाट गेली, ठोके सरळ झाले.

मग मूळ प्रश्न, सूज. लेकीने गोळी वाढवली कारण सूज खरोखर आली होती. इथे ते सहा तास. लासिक्सचा अंमल संपला की किडनी उरलेले अठरा तास कंजूष होते, हाती येईल ते मीठ धरून ठेवते. सकाळी गोळीने काढलेलं मीठ रात्रीच्या पापड-लोणच्यातून परत भरलं तर दिवसअखेर हिशेब शून्य. पण पोटॅशियमचा हिशेब शून्य होत नाही, ते सकाळी गेलेलंच असतं. खारट खाऊन वर जास्त गोळी घेणं म्हणजे शेवटच्या टप्प्याकडे आणखी सोडियम पाठवणं. मावशींचं पोटॅशियम गेलं ते गोळी आणि फरसाण या दोघांच्या भागीदारीत.

घरी जाताना लासिक्स पुन्हा सकाळी एकच, आणि जोडीला स्पायरोनोलॅक्टोन २५ मिलिग्रॅम. हे औषध अल्डोस्टेरॉनचा हुकूम शेवटच्या पेशींपर्यंत पोचू देत नाही, म्हणजे जिथे चोरी होते तिथेच राखणदार. १९९९ मध्ये हृदय फार कमजोर असलेल्या रुग्णांवरच्या रेल्स नावाच्या अभ्यासात या छोट्या डोसने मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले. त्यानंतर कॅनडातल्या ओंटारियोमध्ये ते इतक्या उत्साहाने लिहिलं गेलं की पोटॅशियम वाढून भरती होणारे आणि दगावणारे रुग्णही वाढले. ते २००४ मध्ये प्रसिद्ध झालं. म्हणून स्पायरोनोलॅक्टोन सुरू झाल्यावर पोटॅशियम सिरप बंद केलं, शहाळंही रोज नको म्हणून सांगितलं, आणि आठवड्याने व महिन्याने पोटॅशियम-क्रिएटिनिन तपासायला लावलं. तुमच्या घरी लासिक्सबरोबर हे औषध असेल, किंवा नावाच्या शेवटी 'प्रिल' किंवा 'सार्टन' असलेलं ब्लड प्रेशरचं औषध असेल, किंवा किडनी कमजोर असेल, तर पोटॅशियमचं सिरप किंवा 'लो सोडियम' मीठ स्वतःहून सुरू करू नका. त्या मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियमच घातलेलं असतं.

सूज दिसली तर काय करायचं, हेही लेकीला लिहून दिलं. रोज सकाळी लघवी करून आल्यावर, काही खाण्याआधी, त्याच काट्यावर वजन. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर फोन, गोळी नाही. पायात गोळे, गळाठा, छातीत धडधड, किंवा उलट्या-जुलाब लागले तर त्याच दिवशी पोटॅशियम तपासणी. अंगदुखीला पेनकिलर मनाने नाही, त्या लासिक्सचा जोर कमी करतात आणि किडनीलाही त्रास देतात.

महिन्याने मावशी आल्या. पोटॅशियम ४.२, वजन स्थिर. काकांनी त्यांच्या वजनाचा तक्ता आखून आणला होता, कंपनीतल्या बॅच रजिस्टरसारखा, तारीख, वेळ, सही सगळं व्यवस्थित. त्यात दोन रविवारी आकडा किलोभर वर होता. मी विचारायच्या आत मावशीच म्हणाल्या, "नातू आला होता. वडापाव."